दोन मित्रांची डाळ मिल: काम, भाग आणि बाहेर पडण्याच्या अटी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, औसा, उदगीर भागात दोन मित्रांनी मिळून लहान डाळ मिल टाकायची म्हटली की मांडणी बहुतेक ठरलेली असते. एकाकडे पैसा आणि जागा, दुसऱ्याकडे आडतीवर मुनीमकी करून आलेली तुरीची पारख आणि रोज राबायची तयारी. अशी भागीदारीपत्रं लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकाच उदाहरणावर दिली आहेत. उदाहरणापुरतं पैसेवाल्याला व्यंकट म्हणू आणि राबणाऱ्याला दत्ता. व्यंकट १४ लाख घालतो, दत्ता २ लाख. शेड व्यंकटच्या वडिलांच्या जागेत आहे. व्यंकटचं खताचं दुकान असल्यामुळे तो मिलवर संध्याकाळी येतो, दत्ता सकाळी सातपासून तिथेच असतो.

आमचं सगळं बोलणं झालंय. नाही लिहिलं तर काय होतं?

तुम्ही लिहिलं नाही म्हणून जागा रिकामी राहत नाही. तिथे १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू होतो आणि त्यातल्या अटी तुमच्या बोलण्याशी जुळतीलच असं नाही. लेखी काही नसेल तर नफा-तोटा दोघांत सारखा वाटला जातो, मग भांडवल कुणी किती का घातलेलं असेना. कामाबद्दल कुणालाच पगार मिळत नाही. भांडवलावर व्याजही मिळत नाही.

म्हणजे १४ लाख घालणाऱ्या व्यंकटला बिनव्याजी पैसे गुंतवल्यासारखं होतं आणि वर्षभर धुळीत उभं राहणाऱ्या दत्ताला बिनपगारी राबल्यासारखं. दोघांनाही आपणच फसलो असं वाटतं आणि आपापल्या जागी दोघंही खरे असतात.

आणखी एक गोष्ट. भागीदारी किती काळाची, ती कशी संपवायची हे करारात नसेल तर ती 'इच्छाधीन भागीदारी' ठरते. अशी भागीदारी एका भागीदाराने दुसऱ्याला लेखी नोटीस दिली की विसर्जित होते. तुरीचा हंगाम भरात असताना, बँकेच्या कर्जाची मर्यादा पूर्ण वापरलेली असताना अशी नोटीस आली तर मिल जागेवर थांबते.

पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची. मग भाग किती-किती ठेवायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त चूकही इथेच होते. आपल्या डोक्यात बटईचा हिशेब पक्का बसलेला असतो. एकाचं रान, दुसऱ्याचे कष्ट, खळ्यावर माल वाटून घेतला की झालं. बटईत ते चालतं, कारण सुगी झाली की हिशेब संपतो आणि रान ज्याचं त्याच्याकडे राहतं. मिलमध्ये सुगी संपत नाही. पैसा तुरीत असतो, तूर डाळीत असते, डाळ उधारीत असते, आणि वाटायला बसावं असा दिवस उजाडतच नाही.

म्हणून एकाच आकड्यात सगळं कोंबू नका. चार गोष्टी वेगवेगळ्या करा: भांडवलावर व्याज, कामाचा मेहनताना, जागेचं भाडं, आणि हे सगळं देऊन उरलेला नफा. पहिल्या तिन्हींची किंमत बाजारात विचारता येते. वाद उरतो तो फक्त चौथ्याचा आणि तो बराच लहान झालेला असतो.

आता हिशेब बघा. शेडचं भाडं महिना ८ हजार धरलं आणि ते वजा करून वर्षाला ६ लाख उरले. भांडवलाच्या प्रमाणात वाटायचं म्हटलं तर दत्ताचा भाग साडेबारा टक्के, म्हणजे ७५ हजार. महिन्याला सव्वासहा हजारांवर पूर्णवेळ कोण राबेल? निम्मं-निम्मं वाटलं तर दोघांना ३-३ लाख, आणि १४ लाख अडकवलेल्या व्यंकटच्या घरात कुजबुज सुरू होते.

तिसरा मार्ग असा. दत्ताला महिना १८ हजार मेहनताना, वर्षाचे २ लाख १६ हजार. दोघांच्या भांडवलावर ९ टक्के व्याज: व्यंकटला १ लाख २६ हजार, दत्ताला १८ हजार. उरले २ लाख ४० हजार, ते निम्मे-निम्मे. व्यंकटला एकूण २ लाख ४६ हजार मिळाले आणि त्याच्या वडिलांना भाड्याचे ९६ हजार वेगळे. दत्ताला ३ लाख ५४ हजार. दत्ताचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातली बरीच रक्कम त्याच्या बारा महिन्यांच्या कामाची आहे. व्यंकटने ते काम मुनीम ठेवून करून घेतलं असतं तर तेवढे पैसे द्यावेच लागले असते.

मेहनताना आणि व्याज भागीदारीपत्रात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आयकरात फर्मचा खर्च म्हणून ते धरलं जात नाही. व्याजाला वार्षिक १२ टक्क्यांची मर्यादा आहे आणि मेहनतान्याला नफ्यानुसार ठरलेली मर्यादा आहे. तुमचे आकडे त्यात बसतात का हे सही करायच्या आधी सीएकडून बघून घ्या.

तोट्याचं वर्ष आलं तर?

कायद्याप्रमाणे भांडवलावरचं व्याज नफ्यातूनच द्यायचं असतं, त्यामुळे तोट्याच्या वर्षी व्यंकटला ते मिळत नाही. मेहनतान्याचं मात्र तुम्हीच ठरवायचं आहे. मी असं लिहायला सांगतो: दत्ता दरमहा १० हजार उचल घेईलच, नफा असो वा नसो; उरलेले ८ हजार वर्षाचा हिशेब झाल्यावर, नफा असेल तर. घर चालवायला किमान पैसे लागतात. ते न लिहिल्यास माणूस गल्ल्यातून घेतो आणि नोंद करत नाही. भांडणाची सुरुवात मी बहुतेक वेळा अशा नोंद न केलेल्या उचलीतच बघितली आहे.

तोटा भरून काढायचा तो नफ्याच्याच प्रमाणात, दुसरं काही लिहिलं नसेल तर. मालमत्ता पुरली नाही तर दोघांना खिशातून भरावा लागतो. २ लाख घातलेल्या माणसाला हे आधी सांगा आणि त्याच्या बायकोसमोर सांगा.

जागा आणि शेड भांडवलात धरायची का?

नको. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर ती जागा व्यंकटची नाहीच, मग तो ती भांडवल म्हणून आणणार कशी? वडिलांशी फर्मचा वेगळा भाडेकरार करा. त्यात मुदत लिहा आणि भागीदारी मोडली तरी मशिनरी काढून न्यायला किमान सहा महिने मिळतील असंही लिहा. जागा स्वतःच्या नावावर असली तरी मी भाड्याचाच सल्ला देतो. जमीन भांडवल म्हणून आणली की मुद्रांक शुल्क वेगळ्या दराने लागतं आणि निघताना ती परत घेणं सोपं नसतं.

कामं कशी वाटून लिहायची? 'दोघांनी मिळून पाहावे' एवढं पुरेल का?

नाही पुरत. 'मिळून' लिहिलेलं काम दोघांपैकी कुणाचंच नसतं. बाजार समितीत सौदा निघतो तेव्हा दत्ता ढिगापाशी उभा असतो. मूठभर तूर तळहातावर घेतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो आणि तेवढ्यात बोली पुढे सरकलेली असते. व्यंकटला फोन लावून विचारायला तिथे वेळ नाही. म्हणून खरेदीचा अधिकार दत्ताला हवाच, पण त्याला कुंपणही हवं.

आमच्या उदाहरणात असं लिहिलं: एका दिवसात २ लाखांपर्यंतची खरेदी दत्ता स्वतः ठरवेल, त्यापुढे व्यंकटचा होकार मेसेजवर घ्यायचा. बँकेतून ५० हजारांच्या वरच्या रकमेला दोघांची सही. एका व्यापाऱ्याकडे १ लाखापेक्षा जास्त आणि ३० दिवसांपेक्षा जुनी उधारी असेल तर त्याला पुढचा माल दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय नाही. वसुली आणि बँक व्यंकटकडे. रोजची रोकडवही दत्ताकडे, आणि दर रविवारी दोघांनी तिच्यावर सही करायची.

ही कुंपणं तुमच्या दोघांत बांधलेली असतात, बाहेरच्याला ती दिसत नाहीत. दत्ताने ३ लाखांची तूर उचलली आणि आडत्याला मर्यादा माहीतच नव्हती, तर आडत्याचे पैसे फर्मला द्यावे लागतात आणि व्यंकटही त्याला बांधील असतो. अशा वेळी व्यंकटने नुकसान दत्ताच्या खात्यातून वळतं करून घ्यायचं की नाही, हेही एका ओळीत लिहून ठेवा.

एक जण सहा महिन्यांत कंटाळून गेला तरी निम्मा भाग त्याचाच राहतो का?

तसं होऊ नये म्हणून भाग 'पिकू' द्यायचा. नफ्यातला निम्मा भाग पहिल्या दिवसापासून असू दे, तो त्या-त्या वर्षाच्या कामाचा आहे. पण मिलच्या नावलौकिकाची, म्हणजे गुडविलची, जी किंमत धरली जाते तिच्यातला हिस्सा तीन वर्षांत मिळावा: पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी गेला तर काही नाही, एक वर्षानंतर एक तृतीयांश, दोन वर्षांनंतर दोन तृतीयांश, तीन वर्षांनंतर पूर्ण. हा नियम दोघांनाही लागू करा. व्यंकटनेही पैसे काढून घेतले तर तो तितकाच लागू झाला पाहिजे. घातलेलं भांडवल मात्र कुणाचंही कापायचं नाही. ते कमी होणार ते फक्त तोट्याने.

मित्र बाहेर पडला तर त्याला नेमके किती पैसे द्यायचे?

या कलमाला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'त्या वेळच्या बाजारभावाने हिशेब करावा' असं वाक्य मी कितीतरी कागदांवर वाचलं आहे आणि त्यावर दोन माणसांचं एकमत झालेलं मला आठवत नाही. प्रत्येक वस्तू कशी मोजायची ते लिहावं लागतं.

समजा तीन वर्षांनी दत्ता निघतो. वहीप्रमाणे व्यंकटचं भांडवल खातं साडेपंधरा लाख, दत्ताचं साडेतीन लाख, कारण दोघांनीही थोडा नफा आत ठेवला. एकूण १९ लाख. समोर काय आहे? ९ लाखांची मशिनरी घसारा जाऊन वहीत सुमारे साडेपाच लाखांवर आली आहे, तूर आणि डाळ १० लाखांची, येणं साडेसहा लाख, रोख आणि बँकेत १ लाख. देणं ४ लाख: बँकेचं साडेतीन आणि आडतीचं अर्धा लाख.

आता करारातला नियम लावू. मशिनरी जुनी मशिनरी घेणाऱ्या दोघांकडून लेखी भाव घेऊन त्यांच्या सरासरीने: ६ लाख आले. माल खरेदी भाव किंवा त्या दिवसाचा बाजारभाव, यातला कमी: १० लाखच राहिले. १८० दिवसांपेक्षा जुनी उधारी हिशेबात धरायची नाही: दीड लाख बाजूला, राहिले ५. रोख १. बेरीज २२, देणं वजा जाता १८. वहीपेक्षा १ लाख कमी भरले, ते निम्मे-निम्मे सोसायचे. दत्ताचे साडेतीनचे झाले ३ लाख, व्यंकटचे १५.

बाजूला ठेवलेली दीड लाखाची जुनी उधारी जशी वसूल होईल तसा निम्मा हिस्सा दत्ताला पाठवायचा. ही ओळ राहून गेली तर सगळी जुनी उधारी तो निघून गेल्यावरच वसूल झाली असं त्याला आयुष्यभर वाटत राहतं.

उरला नावलौकिक. मेहनताना आणि व्याज वजा जाता गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी, एवढीच किंमत आम्ही धरली: २ लाख ४० हजार. तीन वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणून दत्ताला निम्मे, १ लाख २० हजार. एकूण ४ लाख २० हजार. लहान मिलला सरासरीच्या दुप्पट-तिप्पट किंमत लावू नका. गिऱ्हाईक बऱ्याचदा दत्ताच्या तोंडावर येतं आणि तो गेला की त्यातलं काही जातंच.

पैसे एकरकमी द्यायचे का?

एकरकमी लिहिलं तर मिल विकावी लागेल. १ लाख २० हजार महिन्याच्या आत आणि ३ लाख दर तिमाहीला ५० हजारांच्या सहा हप्त्यांत, थकीत रकमेवर ९ टक्के व्याज, असं आमच्या उदाहरणात आहे. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय. करारात काहीच नसेल आणि मागे राहिलेल्याने हिशेब न करता धंदा चालू ठेवला, तर निघालेला माणूस आपल्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज, यातलं एक मागू शकतो. पण ते मिळवायला भांडावं लागतं.

निघायची तारीख महत्त्वाची असते का?

डाळ मिलमध्ये फार. नवी तूर डिसेंबरपासून यायला लागते. जानेवारी-फेब्रुवारीत सगळा पैसा मालात असतो आणि बँकेचं कर्ज डोक्याएवढं असतं. तेव्हा कुणी हिशेब मागितला तर द्यायला रोकड नसते. म्हणून नोटीस कधीही द्या, पण मोजणी ठरलेल्या दिवशीच. बरेच जण ३१ मार्च लिहितात, कारण ताळेबंद त्या दिवसाचा तयार असतो. मला ३० सप्टेंबर बरी वाटते. तोवर साठा उतरलेला असतो, बराचसा पैसा मोकळा झालेला असतो आणि भावावरून वाद कमी होतो. सहामाही हिशेब वेगळा काढावा लागतो, तेवढा खर्च सोसावा. नोटीस आणि मोजणी यांत किमान तीन महिने असावेत.

दोघांपैकी एक गेला तर फर्म चालू राहते का?

नाही. भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. दत्ता निघाला की फर्म संपते, करारात काहीही लिहा. व्यंकटपुढे दोन वाटा राहतात. दत्ता निघण्याआधी बायकोला किंवा भावाला भागीदार म्हणून घ्यायचं, म्हणजे फर्म, तिचा पॅन आणि जीएसटी नोंदणी चालू राहते आणि फक्त भागीदार बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत करायची. नाहीतर एकट्याच्या नावाने धंदा करायचा. मग जीएसटीची नवी नोंदणी काढायची, परवाने आणि बँक खातंही नव्याने. पहिली वाट मोकळी राहावी म्हणून करारात आधीच लिहा की निघणारा भागीदार नव्या माणसाला घेण्यासाठी सही द्यायला बांधील आहे.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी केली तरी दोघं लागतातच. तिथे एकट्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ, हे माहीत असताना, धंदा चालवला तर त्या पुढच्या काळातल्या देण्यांना तो स्वतः जबाबदार होतो.

मी निघालो, हिशेब मिटला. आता माझ्यावर काही जबाबदारी नाही ना?

तुम्ही दोघांनी मिटवलं, बँकेने नाही. कॅश क्रेडिटच्या कागदांवर जामीन म्हणून तुमची सही आहे. बँक लेखी मोकळं करत नाही तोवर ती तशीच राहते. ते पत्र मिळेपर्यंत शेवटची सही देऊ नका.

दुसरं, निवृत्तीची जाहीर सूचना. नोंदणीकृत फर्म असेल तर निबंधकाला कळवायचं, राजपत्रात आणि जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात छापायचं. ती दिली नाही तर तुम्ही अजून भागीदारच आहात असं समजून व्यवहार करणाऱ्याला तुम्ही बांधील राहता. माझ्या तरुणपणी एका मित्राबरोबर मी स्पेअर पार्टचं दुकान चालवलं होतं. निघताना हातात हात घेतला, चहा घेतला आणि घरी आलो. आठ महिन्यांनी एक पुरवठादार बिलं घेऊन दारात उभा राहिला. माल माझ्या मागे उचललेला होता, पण त्याच्या लेखी दुकान अजून दोघांचं होतं. ते पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. तेव्हापासून हे कलम मी कुणालाही गाळू देत नाही.

निघालेला मित्र शेजारीच मिल टाकू शकतो का?

लिहिलं नसेल तर टाकू शकतो, पण फर्मचं नाव वापरता येत नाही, फर्मचाच धंदा करतोय असं भासवता येत नाही आणि तो निघण्याआधी फर्मशी व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकांकडे धंदा मागायला जाता येत नाही. ठरावीक काळ आणि ठरावीक भागापुरती बंदी करारात घालता येते, पण ती वाजवी असावी लागते. 'औसा आणि लातूर तालुक्यात एक वर्ष डाळ मिल चालवणार नाही' हे टिकण्यासारखं आहे. 'महाराष्ट्रात कधीही नाही' हे टिकणार नाही. आणि दत्ताला दुसऱ्याच्या आडतीवर नोकरी करण्यापासून रोखू नका. त्याला येतं ते एवढंच काम आहे.

दोघांचं पटलं नाही तर? 'तू घे नाहीतर मी घेतो' हे कलम चांगलं ना?

एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने त्या किमतीला घ्यायचं किंवा द्यायचं, असं हे कलम असतं. ऐकायला सरळ वाटतं. पण व्यंकट पैसे उभे करू शकतो, दत्ता नाही. व्यंकटने कमी किंमत सांगितली तरी दत्ताला द्यावंच लागेल. दोघांची ऐपत सारखी नसेल तिथे हे घालू नका. त्याऐवजी लवाद नेमा. तो दोघांना मान्य असावा, दोघांपैकी कुणाचा नातेवाईक नसावा, त्याला हिशेब वाचता यावा. त्याचं नाव आजच लिहा आणि तो नसेल तर दुसरा कोण तेही लिहा. भांडण सुरू झाल्यावर नावावर एकमत होत नाही.

भागीदाराचं निधन झालं तर?

दोघांची भागीदारी तिथेच संपते. वारसाला मिलमधली खुर्ची नाही, पैसे मिळतात, हे स्पष्ट लिहा. मोजणी वरच्याच नियमाने करायची, पण नावलौकिकाचा हिस्सा तीन वर्षं झाली नसली तरी पूर्ण द्यायचा आणि पहिली रक्कम ३० सप्टेंबरची वाट न बघता १५ दिवसांत द्यायची.

नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली का?

नाही. योग्य मुद्रांकावर लिहिलेला करार नोटरी करून घेणं वेगळं आणि भागीदारी संस्था निबंधकाकडे फर्मची नोंदणी वेगळी. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही. म्हणजे साडेसहा लाखांची उधारी बाजारात असताना बुडवणाऱ्यावर वसुलीचा दावा टाकता येणार नाही. पहिला कट्टा उधारीवर जाण्याआधी नोंदणीचा अर्ज गेलेला असावा.